पावती नाही, तर पैसे नाहीत

अमेरिकेतल्या लॉरेन्स शहरातल्या आपल्या सलूनमध्ये शनिवारी बसायला जागा नसे, आणि तरीही महिनाअखेरीला दुकानाचं भाडं भरताना इवेलिसचा जीव मेटाकुटीला येई. केसांच्या रंगाच्या नळ्या पूर्वीच्या दीडपट लागत होत्या, गिऱ्हाइकांची रंगाची बिलं मात्र होती तेवढीच. विकायला ठेवलेल्या शाम्पूच्या बाटल्याही फळीवरून कमी होत. गिऱ्हाइकं बहुतेक रोखीची. रोलर काढून, केस वाळवून झाले की खुर्चीपाशीच पर्स उघडून काम करणारीच्या हातात पैसे द्यायची.

थंडी सुरू झाली तशी तिने बंदोबस्त केला. भाची लिसबेत हिला दारापाशी गल्ल्यावर बसवलं. पैसे फक्त तिथेच द्यायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला आल्याबरोबर क्रमांक छापलेली चिठ्ठी. काय काम केलं ते तिच्यावर लिहायचं आणि संध्याकाळी एकही क्रमांक गहाळ असता कामा नये. बिल रद्द करायचं तर फक्त इवेलिसने. विक्रीचा माल आणि कामाला वापरायचा माल वेगळा केला. रंगाचं कपाट कुलपात गेलं. नळी हवी तर लिसबेतसमोर वाटीत वजन करून घ्यायची.

कामावरच्या बायका कुरकुरल्या. "आता श्वास घेतला तरी चिठ्ठी फाडायची का गं?" असं एकीने विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

एकट्या नेरेइदाला, सगळ्यांत जुन्या कारागिणीला, कुलपाचा आणि वजनाचा नियम नव्हता. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तियागोहून नव्याने आलेल्या इवेलिसला रोलर कसे लावतात ते तिनेच शिकवलं होतं. इवेलिसच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांत धरलं होतं. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे राहिली. तिला वजन करायला सांगायची इवेलिसला लाज वाटली.

गळती कमी झाली, पण थांबली नाही. मग इवेलिसने आरशाशेजारी पाटी लावली: पावती मिळाली नाही, तर आजचं काम फुकट.

पाटी लागल्याच्या आठवड्यात दोन्या ऑरोरा, म्हणजे ऑरोराबाई, काठी टेकत गल्ल्यापाशी आल्या. म्हाताऱ्या, गोड, जरा बहिऱ्या.

"पोरी, मला रंगाची पावती नाही दिली. आज फुकट ना?"

"कोणी नाही दिली, आजी?" लिसबेतने विचारलं.

"नेरेइदाने. ती कधीच देत नाही. रंगाचे पैसे मी तिच्याच हातात देते. तीच म्हणाली, गल्ल्यावर दिले तर कर लागतो." त्या हसल्या. "नातीसाठी शाम्पूपण तिच्याकडूनच नेते. स्वस्त देते बिचारी."

शेजारी उभ्या इवेलिसने चिठ्ठी पाहिली. नेरेइदाच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: केस धुणं आणि सेट. म्हातारीच्या केसांच्या मुळाशी ताजा तपकिरी रंग चमकत होता. इवेलिसने त्यांचे पैसे आपल्या पर्समधून परत केले आणि दार उघडून त्यांना बाहेर सोडलं.

नेरेइदा मागच्या खोलीत वाट्या धूत होती. तिने नाकारलं नाही. नळ बंद करून हात पुसले.

"किती दिवस, ताई?"

"मोजले नाहीत."

"पैसे मागितले असतेस तर दिले असते मी."

"मागितले होते. माझा वाटा वाढव म्हणाले होते, दोनदा. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बघू." नेरेइदाने एप्रन काढून त्याची घडी घातली. "ह्या दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं माझ्या नावाने येतात, इवे. तुला ठाऊक आहे."

इवेलिसला ते ठाऊक होतं. तिला हेही ठाऊक होतं की आज हिला राहू दिलं तर उद्या कुठलीच बाई चिठ्ठी लिहिणार नाही. "किल्ली दे," ती म्हणाली. आपला आवाज तिला परक्यासारखा वाटला.

नेरेइदाने दोन गल्ल्या पलीकडे एका दुकानात भाड्याने खुर्ची घेतली. तिच्यामागे कामावरच्या दोघी गेल्या. शनिवारच्या बायकाही गेल्या. चोरी केली म्हणून कोणी त्या हातांना सोडलं नाही. दोन्या ऑरोराही तिकडेच जातात, असं लिसबेतने सांगितलं. आपल्या बोलण्याने काय झालं हे त्यांना कधी कळलंच नाही.

आता रंगाचा हिशेब ग्रॅमपर्यंत जुळतो. फळीवरून एक बाटली हलत नाही. न्यायलाही कोणी नाही आणि विकत घ्यायलाही. दुकानाच्या मालकाने भाड्यासाठी दुसऱ्यांदा फोन केला, तेव्हा इवेलिसने कॉफी ओतता ओतता हो हो म्हटलं.

दुपारी मुलगी शाळेतून आली. "मम्मी, शुक्रवारच्या नाचासाठी माझे केस नेरेइदामावशी करणार ना?"

"मी करते."

"तुला तसे जमत नाहीत," मुलगी सहज म्हणाली, वाईट वाटावं म्हणून नव्हे.

लिसबेतने पिशवी खांद्याला लावली. "मावशी, उद्या येऊ का?"

"अर्धा दिवस ये," इवेलिस म्हणाली. मग तिने गल्ला उघडून आतल्या नोटा पाहिल्या. "नाहीतर राहू दे. मी बसेन गल्ल्यावर."