दुरुस्त न होणारा प्रश्न

गहिनीनाथ दुपारी सरांच्या घरी आला, तो चप्पल काढतानाही मागे वळून रस्त्याकडे पाहत होता.

बेलापुरात नृसिंह सरांच्या हाताखाली तो शिकला होता. आता श्रीरामपुरात त्याचा भरतीच्या परीक्षांचा क्लास होता. सर निवृत्त झाल्यापासून तो सराव पेपर काढायचा आणि छापण्याआधी इंग्रजीचा भाग त्यांना दाखवायचा. सर लाल पेनाने खुणा करायचे, समासात नवं वाक्य लिहायचे आणि वर म्हणायचे, "बघ बाबा, माझंही चुकत असेल." गहिनीनाथ हसून म्हणायचा, "सर, तुमी चुकलात तर आमी कुटं जायचं?"

आज त्याने दोन कागद पुढे ठेवले आणि लाल पेन हळूच बाजूला सरकवलं.

"यावर काय लिहू नका, सर. उत्तरं तेवढी तोंडी सांगा."

कागदांवर ना क्लासचं नाव होतं, ना तारीख. सरांना ते खटकलं, पण विचारायचा संकोच वाटला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. नामांच्या मोजणीवरचे प्रश्न होते. लगेज मोजत नाहीत, म्हणून त्याच्या आधी 'मेनी' नाही, 'मच' येणार. फर्निचरचंही तसंच, एक खुर्ची मोजता येते, फर्निचर नाही, म्हणून 'फ्यू' चालणार नाही, 'लिटल' घ्यायचं. चेअर्स आल्या की मात्र 'मेनी'. सर सांगत होते आणि गहिनीनाथ मोबाईलवर भराभर टाईप करत होता.

मागच्या खोलीत भार्गवी, सरांची नात, कपाट उघडत होती. ती गहिनीनाथच्याच क्लासला जायची आणि या रविवारी तिची लिपिकपदाची परीक्षा होती. मागच्या खेपेला ती अगदी थोडक्यात राहिली होती आणि त्यानंतर बरेच दिवस घरात कुणाशी नीट बोलली नव्हती. यंदा वयाच्या अटीने ही तिची शेवटची संधी होती.

एका प्रश्नापाशी सर थांबले.

"हा चुकलाय रे. 'वर्गात टिंबटिंब विद्यार्थी होते', एवढंच वाक्य आहे. पर्याय दिलेत मच, लिटल, फ्यू आणि अ फ्यू. स्टुडंट्स मोजता येतात, तेव्हा मच आणि लिटल गेले. पण उरलेले दोन्ही बसतात. 'फ्यू' म्हटलं की जवळजवळ कुणीच नव्हतं, 'अ फ्यू' म्हटलं की चार-दोन होते. कोणतं, ते वाक्य सांगतच नाही."

"मग?"

"मग काय, पुढे जोड की 'म्हणून सरांनी तास रद्द केला'. मग फक्त 'फ्यू' बरोबर. दे पेन."

"जोडता येनार न्हाई, सर."

"का? तुझाच पेपर आहे ना?"

गहिनीनाथने मोबाईल पालथा घातला. "छापलाय म्हना ना."

"छापून झाल्यावर मला दाखवतोस? आजवर कधी असं केलं नाहीस. बरं, तोंडी दुरुस्त करून सांग पोरांना."

"तुमी दुरुस्तीचं सोडा हो. त्यांनी काय उत्तर धरलं असंल, तेवढं सांगा."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

गहिनीनाथने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. दाराशी भांडी घासायला आलेली लंकाबाई डोकावली. "सर, त्या काळ्या काचांच्या गाडीत कोन हाय वो? लई येळ हुबी हाय, इंजिन बी बंद करीनात."

"माझ्यासंगट हायेत, मावशी," गहिनीनाथ म्हणाला.

"मंग आत बोलवा की. चोरावानी काय बसल्यात?"

गहिनीनाथ हसला नाही. लंकाबाई पदर खोचून आत गेली. सर कागदाकडे पाहत राहिले. ज्याने पेपर काढला त्याला आपला प्रश्न बदलता येतो. याला बदलता येत नव्हता.

"मी व्याकरणाचं पुस्तक बघतो," ते म्हणाले. "माझंच चुकत असेल." आणि ते उठून मागच्या खोलीत गेले.

भार्गवी पिशवी भरून तयार होती. "आजोबा, मी गहिनीनाथ सरांबरोबरच निघते. सुप्याच्या पुढे कुठेतरी उजळणी शिबिर आहे. थेट केंद्रावरच सोडणार आहेत."

"पुस्तकं घेतलीस?"

"नको म्हणालेत. वही नको, मोबाईल पण नको. फक्त पेन आणि हॉलतिकीट."

उजळणीला पुस्तकाशिवाय जायचं! सर कॉटवर बसले. त्यांनी तिला आवाज न करता बसायची खूण केली आणि तो प्रश्न, त्याचे चार पर्याय, त्याला हात लावायला गहिनीनाथ का घाबरतो, सगळं सांगितलं.

"सराव पेपर असेल हो," ती पुटपुटली.

"असेलही. मला खात्री नाही."

"खात्री नाही, तर माझी शेवटची संधी कशी घालवता?" तिचे डोळे भरून आले. "बाकीची उत्तरं तर तुम्हीच दिलीत की! सगळी बॅच ती पाठ करणार, आणि मी एकटी घरी?"

 सर एवढंच म्हणाले, "परीक्षा दे. पण यांच्याबरोबर जाऊ नको."

 मग तिने पिशवी उलटी करून कॉटवर रिकामी केली.

बाहेर सरांनी कागद परत दिले. "याचं उत्तर मला देता येत नाही. भार्गवीही येणार नाही."

गहिनीनाथने कागदांची घडी नीट खिशात ठेवली. "एक प्रश्न राहिला तर राहू द्या. बाकीचे तुमी सांगितलेच ना. तुमच्या आवाजात हायेत ते." त्याने मोबाईल दाखवला. टाईप करताना तो रेकॉर्डही करत होता. "पोरीला पेपर बरा जावो, सर." तो नेहमीसारखाच पाया पडला आणि गेला. पण गाडी लगेच हलली नाही.

सरांनी पोलीस ठाण्याचा नंबर शोधून ठेवला आणि लावला नाही. साधा सराव पेपर निघाला तर? चांगल्या मुलाचा क्लास आपण बुडवू. अशा विचारांत रविवार उजाडला.

भार्गवी नगरच्या केंद्रावरून एकटीच एसटीने परतली. तिने पाणीही घेतलं नाही.

"होता," ती म्हणाली. "तोच. तेच चार पर्याय, तसंच अर्धवट वाक्य. लगेज, फर्निचर, सगळे होते. माझ्या पुढच्या बाकावर आमच्या क्लासमधली दिशा होती, तिने तर प्रश्न न वाचताच गोल काळे केले. ती शिबिराला गेली होती."

"आणि तू?"

"मी तो कोरा सोडला. बाकीचे मला येतच होते, आजोबा. पण आता मला येत होते की मी दाराआडून ऐकले होते, कोण ठरवणार? पेपर फार छान गेला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तुम्ही मला तो प्रश्न सांगायलाच नको होता."

सरांनी भिंतीवरची छत्री काढली. चष्मा नीट पुसला.

"तक्रार केली तर परीक्षा रद्द होईल. पुन्हा घेतील तेव्हा तुझं वय चालेल की नाही, मला माहीत नाही. आणि माझा आवाज त्यांच्याकडे आहे. पहिला मीच आत जाईन."

"माहितीये," भार्गवी म्हणाली आणि चप्पल घालू लागली. "तुम्हाला तिथे नीट बोलता येणार नाही. मी येते."

दोघं बाहेर पडली. लंकाबाई कोपऱ्यावर उभी होती. तिने नुसती मान हलवून गल्लीच्या तोंडाकडे बघायला लावलं.

काळ्या काचांची गाडी तिथे होती. त्यांना येताना पाहून तिचं इंजिन सुरू झालं.

सर थबकले. भार्गवीने त्यांचा दंड धरला आणि ती दोघं गाडीच्या अगदी जवळून, पोलीस ठाण्याच्या दिशेने चालू लागली. मागे गाडीही हळूहळू चालू लागली.