नऊ तुमचे, तीन आमचे

महाडच्या बाजारपेठेत माझं किराणा दुकान. पोलादपूरकडची गिऱ्हाइकं गूळ नेतात, मीठ नेतात आणि जाताजाता एखादं पत्र लिहून मागतात. पत्राचे मी पैसे घेत नाही. गिऱ्हाईक टिकतं, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय तेही कळतं.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत तुळसा आली. मागे तिचा मोठा दीर येसाजी, हातात रिकामी पिशवी. तुळसाला नवरा नाही. मुंबईला गिरणीत असलेल्या पांडूने, तिच्या भावाने, तिला शिलाईचं मशीन पाठवलं होतं. ते उशिरा आलं, एवढं मला ठाऊक होतं.

"शेट, कंपनीला कागद लिवायचा हाय," तुळसा म्हणाली. "मालवाहतुकीच्या. तक्रारीचा."

"भरपाई मागायची?"

"भरपाई नको. उशीर त्यांच्यामुळं झाला, एवढं त्यांनी लिवून द्यावं. त्यांच्या शिक्क्यानिशी."

मग तिने सांगितलं. पोलादपूरच्या शाळेचे सव्वीस जानेवारीचे चाळीस सदरे शिवायचं काम हेडमास्तरांनी तिला दिलं होतं. अट एकच, सोमवार सोळा तारखेपर्यंत मशीन घरात दिसलं पाहिजे. दिसलं नाही. सोमवारी दुपारी काम महाडच्या शिंप्याकडे गेलं. मशीन आलं मंगळवारी. आता हेडमास्तर म्हणत होते, मशीन तेव्हा मुंबईहून निघालंच नव्हतं, बाईने थाप मारून काम अडवून ठेवलं. पंधरा ऑगस्टचे सदरे तरी मिळायचे तर कंपनीचा कागद हवा.

"कबूल तारीख कोणती?"

"पाच. बिल्टीवर लिवली व्हती. पाच जानेवारीपर्यंत महाड."

"आणि मशीन हाती आलं सतरा तारखेला. म्हणजे बारा दिवस." मी दौत पुढे ओढली. "बिल्टी आण."

बिल्टी म्हणजे माल चढवल्याची पावती. ती दिल्याशिवाय गुदामातून माल सुटत नाही, आणि माल सुटला की ती गुदामातच राहते. तुळसाची तिथेच राहिली होती. बिल्टीच्या नंबराशिवाय लिहिलेली तक्रार मुंबईची कचेरी चहाचा कप ठेवायला वापरते.

"चला गुदामात. दत्तारामकडून नंबर घेऊ."

येसाजी म्हणाला, "नंबर कशाला? नाव लिवा की. तुळसा गावात येकच हाय."

"मुंबईत किती तुळसा आहेत ते कंपनीला मोजत बसावं लागेल."

तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसणारा माणूस, उधारी असते ना. मी मनात टिपून ठेवलं.

दत्ताराम गुदामाच्या दारात खोक्यावर बसला होता. कंपनीचा महाडचा माणूस, तोंडात पान, कानावर पेन्सिल. मी काम सांगितलं.

"नंबर देतो," तो म्हणाला. "चूक आमचीच हाय. मशीन माणगावला उतरवलं गेलं, दुसऱ्याच्या सामानात. मीच दोन पत्रं धाडली तेव्हा सापडलं. पण शेट, दिवस किती लिहिताय?"

"बारा."

"नऊ. माल माझ्या दारात चौदाला आला, शनिवारी सकाळी. येसाजी समोरच उभा व्हता. मी म्हटलं, ने. तर म्हणतो, मंगळवारी येतो."

तुळसाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दिराकडे वळली. "भावजी, तुमी शनिवारी येऊन बोललात, आलं नाय."

येसाजी पिशवीची घडी घालू लागला. बराच वेळ घालत होता, पिशवी लहान असूनही.

"शनिवार व्हता गो. लोखंड शनिवारी घरात आणतात काय? वर संक्रांत. दुसऱ्या दिशी कर, तोबी वाईट दिस. सोमवारी अवस. नवं मशीन, पोटाचं साधन. कुठल्या दिशी आणू सांग."

"मला का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस."

"सोमवारची मुदत तुमाला ठावं व्हती."

"व्हती. पण हेडमास्तर शिकलेला माणूस. अवसेला कोणाचं काम मोडील, असं वाटलं नाय. मी म्हटलं, तोबी मंगळवारपर्यंत थांबल."

दत्ताराम पान थुंकायला आत गेला. दुकान मी कामाच्या पोरावर टाकून आलो होतो, पण निघावंसं वाटेना.

येसाजी माझ्याकडे वळला. "शेट, बाराच लिवा. सतराला मिळालं हे खोटं हाय का? हेडमास्तराला चौदा दिसलं तर तो म्हणंल, मशीन महाडात व्हतं आणि ह्यांनीच नाय नेलं. हिचं काम कायमचं जाईल. आणि गावात माझं तोंड."

खरं सांगतो, मला त्याचं पटलं. तक्रार म्हणजे आपला माल विकणं. आपल्या गुळाला लागलेल्या मुंग्या कोणी स्वतःहून दाखवतं का? मी तुळसाला तसं म्हटलंही.

तिने बोटांवर दिवस मोजले.

"बारा लिवले आणि कंपनीनं उलट लिवलं की माल चौदालाच आला व्हता, तर?"

"लिहितीलच," दत्ताराम आतून म्हणाला. "मला विचारल्याबिगर उत्तर धाडत नायत."

"मग आमचे खरे नऊबी खोटे व्हतील. हेडमास्तर आधीच थाप म्हणतो." तिने माझ्याकडे पाहिलं. "शेट, नऊ लिवा. खाली लिवा, पुढचे तीन आमचे. संक्रांत, कर आणि अवस म्हणून आमी माल उचलला नाय."

नंबर उतरवताना दत्तारामची पेन्सिल खाली पडली, ती येसाजीनेच उचलून दिली.

मी पत्र लिहिलं. मायना, बिल्टीचा नंबर, कबूल तारीख पाच, महाडास पोच तारीख चौदा, सबब विलंब दिवस नऊ. पुढील तीन दिवसांबद्दल आपणांस दोष नाही. तक्रारपत्रात 'आपणांस दोष नाही' हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले.

उत्तर तीन आठवड्यांत आलं. शिक्का, सही, सगळं. मुंबईच्या कचेरीने नऊ दिवसांचा विलंब कबूल केला होता, दिलगिरी होती, आणि आपण तपशील अचूक कळवल्याबद्दल आभारही होते. मला वाटतं, त्या कचेरीला असं पत्र आधी आलं नसावं.

पुढचं मला हेडमास्तरांनी स्वतः सांगितलं, साबण घ्यायला आले तेव्हा. तुळसाने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, आणि विचारलं, "चौदा ते सतरा काय झालं?" तिने सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी थाप म्हणालो होतो, ते शब्द परत घेतले." त्यांनी साबणाचा वास घेऊन पाहिला. "आणि शेट, खरं सांगू? त्या सोमवारी शिंप्याकडे कापड पाठवताना आमच्या घरातून दोनदा बोलणी खाल्ली. आज अवस आहे, उद्या पाठवा म्हणून. मी ऐकलं नाही."

म्हणजे येसाजीचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. त्याने फक्त हेडमास्तरांऐवजी त्यांच्या बायकोचा स्वभाव धरला होता.

पंधरा ऑगस्टचे सदरे तुळसाला मिळाले. जुलैत तिने पांडूकडून सुया आणि बटणांचं खोकं मागवलं. ते महाडला पोचलं त्या दिवशी ती आणि येसाजी माझ्या दुकानात होते. दत्तारामने निरोप धाडला, माल आलाय, वेळेवर.

येसाजीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "शनिवार हाय गो. आणि सुया लोखंडाच्याच."

"भावजी, तुमी इथंच बसा," तुळसा म्हणाली. बिल्टी तिच्याच कनवटीला होती. ती एकटीच गुदामाकडे गेली.

येसाजी बसला. मी त्याला चहा सांगितला. ती खोकं घेऊन आली तेव्हा तो उठला आणि खोकं तिच्या हातून घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवलं.

"उचलणं तिचं," तो मला म्हणाला. "मी नुसता वाहतोय."