‘आणखी पाहा’च्या पोटातलं ‘नाही’

कॉम्प्युटर क्लासच्या बाईंकडे आठ मशीन होती, आठ खुर्च्या होत्या आणि प्रवेश झाले होते चार. खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीला ही खोली हवी होती आणि बाईंनीच तिला शब्द देऊन ठेवला होता, ‘सोमवारी आठही खुर्च्या भरल्या नाहीत, तर किल्ली तुमची.’ शब्द दिला त्या दिवशी दहा प्रवेश होतील असं वाटत होतं. माणूस शब्द देतो तेव्हा त्याला नेहमी असंच वाटत असतं.

गुरुवारी बाईंचे धाकटे दीर हात चोळत आले. हे भावजी पंधरा वर्षं पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकत होते. विहिरीच्या मालकालासुद्धा त्यांनी यंत्र विकलं होतं.

“वहिनी, जाहिरातीची पोस्ट मी टाकतो. फोटो झकास आहे, खाली चार ओळींचं कॅप्शन. बघा, जिना कमी पडेल.”

“एका अटीवर,” बाई म्हणाल्या. “एक अक्षर खोटं नको. कॅप्शन आधी मला दाखवायचं.”

“तुमच्या गळ्याशपथ!”

“माझा गळा कशाला? स्वतःचा वापरा.”

भावजींनी एका बोटाने तासभर टकटक केली आणि मजकूर बाईंच्या मोठ्या पडद्यावर लावला. बाईंनी चष्मा पुसून वाचला: ‘सरकारी असो वा खासगी, दुकान असो वा दवाखाना, तीन महिन्यांच्या कोर्सनंतर आमच्या प्रमाणपत्रावर नोकरीची हमी नाही.’ त्याखाली अभ्यासक्रम, वेळ, फी. सगळं खरं होतं.

“सुरुवात जरा लांबण लावल्यासारखी झालीय,” बाई म्हणाल्या.

“लय असते हो लेखनाला.”

बाईंनी मान डोलावली आणि पोस्ट गेली.

आता गंमत ऐका. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला बसतो. ‘येतो’ म्हणता म्हणता माणूस ‘येणार नाही’पर्यंत पोचतो, तोवर ऐकणाऱ्याने पाट मांडलेला असतो. आणि मोबाइलवर कॅप्शन अख्खं दिसत नाही. वरच्या ओळी दिसतात आणि मग वाक्य तोडून लिहिलेलं असतं, ‘आणखी पाहा’. त्यावर बोट टेकवलं तर पुढचं उघडतं. भावजींनी लय साधली होती ती इथे. त्यांनी स्वतःचा फोन शेजारी ठेवून, एकेक शब्द वाढवत, शेवटचं ‘नाही’ बरोब्बर त्या ‘आणखी पाहा’च्या पोटात ढकललं होतं.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या तर जिन्यात माणसं. एकोणीस मोजली. सगळ्यात पुढे शिवणकाम करणाऱ्या मावशी, गळ्यात टेप तशीच. त्यांच्या मागे गणवेशातला बस कंडक्टर आणि त्याची लेक.

“बाई, ड्यूटीवर जायचंय,” कंडक्टर म्हणाला. “हमी लेखी मिळते ना? मग लगेच नाव घाला पोरीचं.”

“कसली हमी?”

“नोकरीची! तुमच्याच पोस्टवर आहे की.” त्याने मोबाइल पुढे केला.

बाईंनी वाचलं. ‘…आमच्या प्रमाणपत्रावर नोकरीची हमी… आणखी पाहा.’ त्यांनी बोट टेकवलं. ‘नाही’ टुणकन बाहेर आलं, पाहुणे बसलेले असताना न्हाणीघरातून डोकावलेल्या पोरासारखं. बाईंनी मागे पाहिलं. भावजी एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले होते.

“भावजी, इकडे या. खुर्चीवर उभे राहा.”

“वहिनी, चारचौघांत…”

“एकोणीस जणांत. उभे राहा आणि बोट टेकवून पुढचं मोठ्याने वाचा.”

भावजींनी घसा साफ केला. “नाही,” ते पुटपुटले.

“मागे ऐकू आलं नाही!” मावशी म्हणाल्या.

“नाही! हमी नाही!”

जिन्यात एकच हशा आणि शिव्या, दोन्ही बरोबर. कंडक्टर म्हणाला, “अहो, पूर्ण तिकीट फाडून अर्ध्या रस्त्यात उतरवता? आम्हीसुद्धा एवढं करत नाही.” भराभर जिना रिकामा झाला. उरल्या मावशी, त्या अजून हसत होत्या, आणि जागची न हललेली कंडक्टरची लेक.

“चल,” बाप म्हणाला.

“बाबा, घरी बसून हमीची वाट बघू, की इथे बसून टायपिंग शिकू?”

बापाने टोपी काढली, डोकं खाजवलं. “बाई, फी एकदम भरायची का?”

“तीन हप्ते.”

“मला तर नोकरी करायचीच नाहीय,” मावशी म्हणाल्या. “गिऱ्हाइकांची मापं वहीत सापडत नाहीत. ती कॉम्प्युटरात ठेवायला शिकवता का? मग झालं तर.”

चाराचे सहा झाले. भावजी हळूच म्हणाले, “म्हणजे दोन मिळाली की माझ्यामुळे.”

“आणि सतरा गेली, तीही तुमच्यामुळे. काढा ती पोस्ट.”

नवं कॅप्शन बाईंनी स्वतः लिहिलं. नकार शेपटाला ठेवलाच नाही, कपाळावर ठेवला:

‘नाही. आमच्या प्रमाणपत्राने नोकरी लागेल अशी हमी नाही. कालच्या पोस्टमुळे गैरसमज झाला, माफ करा.

प्रमाणपत्र आमच्या क्लासचं आहे, सरकारमान्य नाही. जिथे ठरावीक सरकारी परीक्षा मागतात तिथे ते चालणार नाही. तुम्ही काय शिकलात एवढं त्यावर लिहिलेलं असेल. मालक तुम्हाला मशीनवर बसवून बघेलच, त्याची तयारी मात्र आम्ही करून घेऊ.

पहिले दोन आठवडे: माउस, कीबोर्ड, फाइल-फोल्डर, मराठी टायपिंग. पुढचे तीन: अर्ज, पत्र, प्रिंट. पुढचे चार: तक्ते, बेरजा, बिलं, याद्या. मग दोन: ईमेल, ऑनलाइन फॉर्म, पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही न देणं. शेवटचा आठवडा: उजळणी आणि परीक्षा.

बारा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज एक तास. एकूण साठ तास.

फी ३६०० रुपये. प्रवेशाला १६००, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला हजार-हजार. हप्त्यांचे जादा पैसे नाहीत. मध्येच सोडलंत तर पुढचा हप्ता मागणार नाही.’

“वहिनी, अशाने काळं कुत्रं येणार नाही,” भावजी कळवळून म्हणाले. त्यांचा जीव खरंच तुटत होता. देवाने त्यांना लबाडी दिली होती, पण सोबत मायाही भरपूर दिली होती.

काळं कुत्रं आलं नाही. रविवारी औषधाच्या दुकानाचा मालक आला. “पहिलाच शब्द ‘नाही’ अशी जाहिरात जन्मात पाहिली नव्हती,” म्हणाला. “जी बाई स्वतःच्या मालाचा कमीपणा सांगते, ती बिलं चोख शिकवेल.” आणि त्याने स्वतःचंच नाव घातलं.

सात.

सोमवारी ठरल्या वेळी पार्लरवाली दारात हजर, हातात भिंत मोजायची टेप. सात खुर्च्या भरलेल्या, खिडकीजवळची रिकामी. भावजी दाराशी पडेल चेहऱ्याने उभे.

“सातच,” पार्लरवाली म्हणाली. “किल्ली?”

बाईंनी ड्रॉवर उघडला. आतून किल्ली नाही, प्रवेशाचा कोरा फॉर्म काढला आणि दिराच्या हातात दिला.

“बसा भावजी.”

“मी? मला येतो की कॉम्प्युटर!”

“एका बोटाने येतो. शिल्लक दहा बोटांनाही टायपिंग शिकवते. आठवं मशीन तुमचं.”

“दहातलं एक गेलं की नऊ शिल्लक, बाई,” मागून औषधवाला म्हणाला. “बेरजा तिसऱ्या टप्प्यात आहेत ना?”

वर्ग खदखदून हसला. भावजींनी पार्लरवालीच्या हातातली टेप पाहिली, मग वहिनींकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाकीट काढलं. सोळाशे मोजून दिले, पावती घेतली, खुर्चीत बसले. पार्लरवालीने डोकी पुन्हा मोजली. आठ. ती टेप गुंडाळत जिना उतरली.

भावजींनी फॉर्म भरता भरता मान वर केली.

“वहिनी, साठ तासांत मी दहा बोटांनी टाइप करायला लागेन ना?”

“हमी,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं न बोलता फळ्याकडे वळल्या.

“हमी काय, वहिनी? पुढे काय?”

“आणखी पाहा!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.