परिशिष्ट तीनमधले आठ तास

डायलिसिस केंद्राच्या व्यवस्थापिकेला सगळे माई म्हणत. पेशंटच्या पाळ्या, मशीनची देखभाल, बिलं, भांडणं, सगळं तिच्याच गळ्यात. शिंपीकाका मात्र तिला कधी त्रास देत नसत. आठवड्यातून तीनदा खुर्चीवर पसरत आणि म्हणत, "माई, रक्त तेवढं धुऊन द्या, इस्त्री मी घरी करतो."

त्या सोमवारी सकाळी पाणी शुद्ध करणारा प्लांट बंद पडला. ते पाणी नाही तर एकही मशीन चालत नाही. माईने देखभालीच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. करारात लिहिल्याप्रमाणे तासाभरात इंजिनिअर हजर झाला. त्याने पंप उघडला, मोटर हुंगली आणि मान हलवली.

"जळलाय. नवा पंप मागवावा लागेल."

"कधी येईल?"

"सांगून ठेवतो," म्हणाला आणि गेला.

माई फोनला चिकटली. दुसऱ्या केंद्रांच्या हातापाया पडून तिने एकेकाची सोय लावली. शिंपीकाकांना मंगळवारी दुपारची वेळ मिळाली. रविवारच्या सुट्टीमुळे त्यांच्या अंगात आधीच पाणी साठलं होतं. मंगळवारी पहाटे त्यांना धाप लागली, छातीत पाणी भरलं, आणि इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं.

पंप बुधवारी आला. बसवायला दुपार पुरली.

महिनाअखेरीच्या बैठकीला कंपनीचा प्रतिनिधी आला. त्याच्या गोड जिभेवरून केंद्रात त्याला गुळाचा खडा म्हणत. त्याने पडद्यावर तक्ता लावला. सगळे रकाने हिरवे.

"हा सोमवारचा बिघाड हिरवा कसा?" माईने विचारलं.

"दुरुस्तीची मुदत आठ तास, माई. आम्हाला पाच लागले."

"पाच? बुधवारपर्यंत प्लांट बंद होता!"

"हो ना, वाईटच झालं. पण सुट्या भागाची वाट बघण्यात गेलेला वेळ मोजत नाहीत. परिशिष्ट तीन, मोजणीची पद्धत. भाग मागवला की घड्याळ थांबतं, भाग पोचला की परत सुरू."

"आणि मुदत चुकली असती तर?"

"पुढच्या बिलात पाच टक्के सूट. त्यापलीकडे कसलीही भरपाई मागता येत नाही, तेही तिथेच लिहिलंय."

माईने मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. केंद्र त्यांचं होतं. ते टेबलावरच्या पेल्याकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ती शिंपीकाकूंकडे गेली. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. काकूंनी पाणी दिलं, बसल्या आणि सरळ विचारलं, "त्या कंपनीवाल्यांना कुणी काही बोललं का?"

माईने जमेल तसं समजावलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"घड्याळ थांबलं होतं म्हणता," त्या म्हणाल्या. "मग ह्यांच्या अंगातलं पाणी का नाही थांबलं?"

माई खाली मान घालून उठली.

करार संपत आला होता. तिने हट्टाने नवा मसुदा केला: भागाची वाट बघण्याचा वेळही मोजायचा, एक जादा पंप केंद्रातच ठेवायचा, आणि मुदत चुकली तर पेशंट दुसरीकडे पाठवण्याचा खर्च कंपनीने द्यायचा. कंपनीने मसुदा मान्य केला, पण दर जवळजवळ दीडपट सांगितला.

"एवढं आपल्याला झेपणार नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "हे पेशंटच्या फीमधूनच काढावं लागेल, माई. अर्धे लोक येणंच बंद करतील. मग त्यांचं काय?"

"मग पंप तरी आपण घेऊन ठेवू."

"विचारलं मी. आपण आणलेला पंप बसवला तर प्लांटची हमी ते काढून घेतात."

माईने दुसऱ्या कंपनीचा करार मागवला. त्यातही घड्याळ थांबत होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हेच तिला जास्त लागलं. रागवायला समोर कुणीतरी असतं तर निदान जीव हलका झाला असता.

जुन्याच परिशिष्टासकट करार पुढे चालू झाला. प्रत्येक पानावर तिचीही सही लागत होती. तिसऱ्या परिशिष्टाशी तिचा हात अडला. डॉक्टर थांबून राहिले. मग तिने सही केली.

शिंपीकाकांच्या पाळीवर एक शाळामास्तरीण येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिच्या मुलाने सगळी मशीनं निरखली, पाण्याच्या खोलीतही डोकावून आला.

"हा प्लांट बंद पडला तर हो?"

"कंपनीचा माणूस तासाभरात येतो," माई म्हणाली.

मुलाचा चेहरा निवळला. आईच्या पायांवर चादर नीट करून तो तिच्याशेजारी स्टुलावर बसला. माई आपल्या टेबलाशी गेली आणि तिने उद्याच्या पाळ्या लावायला घेतल्या.