अर्ध्या पानाची नोट

"रजा मंजूर केल्याबद्दल मनापासून आभार, सर," असा मेल पाठवून ती हँडओव्हर नोट लिहायला बसली. दोन पुरवठादारांची बिलं तपासायची आहेत. एक करार साहेबांच्या सहीसाठी अडलाय. बाकीच्या फाइली सामायिक फोल्डरमध्ये आहेत.

नोट अर्ध्या पानातच आटोपली. डोकं खाजवलं, तरी पुढे काही सुचेना.

आजारी आईला भेटायला ये म्हणून भाऊ वर्षभर मागे लागला होता. "माझ्यावाचून ऑफिसात पान हलत नाही रे," हे तिचं ठरलेलं उत्तर. काल तो एवढंच म्हणाला, "आई आता कुणाला ओळखत नाही."

साहेबांनी नोट वाचली. "एवढंच ना? मग आधीच जायचं होतंत की."