पितळेची ज्योत

माझी बायको नंदा गेल्याचं मला फोनवर कळलं. दुपारचे अडीच वाजले होते. मयूर विहारच्या मागच्या गल्लीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथेच होतो. हॉस्पिटलातून आमच्या मुलीचा, लुंबिनीचा फोन होता. "बाबा, आई..." एवढंच म्हणाली.

फोन ठेवला आणि मी समाधान नावाच्या गिऱ्हाइकाची लोखंडी शिडी पुरी केली. का केली, ते सांगता येत नाही. वरच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या.

एकोणीस दिवसांनी दुकान उघडलं. पहिलं काम पितळी व्हॉल्व्हचं आलं. गॅस वेल्डिंगची टॉर्च पेटवली, ज्योतीच्या आतला पांढरा सुळका स्वच्छ, गोलसर टोकाचा करून घेतला आणि ऑक्सिजन थोडा वाढवला. पितळेला तशीच ज्योत लागते, नाहीतर त्यातलं जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं. सुळका आखूड आणि टोकदार झाला. ज्योत फुसफुसायला लागली.

हा आवाज मी त्या दिवशी ऐकला होता. शिडी मध्येच बाजूला ठेवून मी एक पितळी नळ जोडत होतो, तेव्हा फोन आला. नंतर टॉर्च पेटवली तीही पितळेसारखीच लावली, आणि शिडीवर धरली. लोखंड फेसाळत होतं, ठिणग्या जास्त उडत होत्या. मला दिसत होतं. मी थांबलो नाही.

समाधान जवळच्या सोसायटीत इलेक्ट्रिशियन आहे. शिडी तो कधीच घेऊन गेला होता. त्याला फोन लावला, तो उचलेना. मी टॉर्च बंद केली आणि पळत निघालो.

तो दुसऱ्या मजल्याच्या दिव्याशी होता. सर्वांत वरच्या पायरीवर.

"समाधान, हळू खाली ये. वरच्या तीन पायऱ्यांवर जोर देऊ नकोस."

"अरे यार भाऊ, दोन स्क्रू राहिलेत."

"राहू देत. भिंतीचा पाइप धर. पाय कडेला, दांड्याजवळ ठेव."

त्याने माझं तोंड बघितलं आणि पाइप धरला. एक पाय आला. दुसरा आला. तिसऱ्या पायरीवर कर्र वाजलं. तो पाइपाला धरून तसाच लटकला, मग खालच्या पायरीवर पाय टेकला.

शिडी आडवी करून मी वरच्या पायरीवर हातोडा मारला. दुसऱ्या फटक्याला सांधा तुटला. आत बारीक छिद्रं होती, जळलेलं लोखंड होतं.

"ऑक्सिजन जास्त झाला," मी म्हणालो. "लोखंडाला दोन्ही गॅस सारखे लागतात."

"मग ॲसिटिलीन जास्त ठेवायचा ना. चुकलं तरी बिल्कुल सेफ."

"सेफ नाही. ज्योतीला पिसासारखी शेपटी येते, लोखंड कार्बन खातं आणि ठिसूळ होतं. ती ज्योत मी अवजाराच्या धारेवर कडक थर चढवायला वापरतो. शिडीला नाही."

"तुम्ही मला मारणार होतात की भाऊ." तो हसला. मग त्याला तो दिवस आठवला असावा. शिडीचं एक टोक त्याने उचललं.

दुकानात तिन्ही पायऱ्या कापून काढल्या, सांधे घासले, सारख्या गॅसची ज्योत लावली. सुळका बरोबर होता. मी टॉर्च लोखंडाजवळ नेली, आणि ती हलत होती.

"आज नको," समाधान म्हणाला.

टॉर्च बंद केली. या गोष्टीला आठ दिवस झाले. शिडीच्या तीन पायऱ्या अजून जोडायच्या आहेत.