पिवळ्या इमारतीची खिडकी

लिंबायतमधली आमची मोबाईल गेमची टीम तिघांची: मी, कुंदन आणि पूजा. सराव सामना झाला की आपापलं रेकॉर्डिंग लावायचं आणि फक्त स्वतःची चूक सांगायची, हा आमचा नियम.

बमरोलीच्या टीमशी आम्ही सगळे सामने हरलो, आणि दरवेळी आधी मीच मेले. आज सुधारणा दिसली नाही, तर रविवारच्या स्पर्धेत माझ्याऐवजी कॅप्टन पूजा होणार होती.

मी रेकॉर्डिंग हळू केलं. प्रत्येक सामन्यात गोळी लागण्याआधी माझा निशाणा गेममधल्या एका पिवळ्या इमारतीच्या रिकाम्या खिडकीवर थांबत होता. तिकडे बघितल्याचं मला आठवेना.

"कोणाला बघतेस गं?" कुंदन म्हणाला.

"तुझ्या सासूला," मी म्हटलं आणि रेकॉर्डिंग पुन्हा मागे नेलं.

बमरोलीकरांकडे अजून एक सामना मागितला. गेममध्ये उतरायचं त्या इमारतीजवळच, सराव एकाच गोष्टीचा: खिडकीकडे बघायचं नाही. मी बघितलं नाही आणि आम्ही जिंकलो.

"चल, कॅप्टन तूच," पूजा म्हणाली.

नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग लावलं. माझा निशाणा सरळ होता. त्या दोघांचे निशाणे मात्र एकाच क्षणी खिडकीवर थांबले होते.

"मी तिकडे बघितलंच नाही," कुंदन म्हणाला. पूजानेही नकारार्थी मान हलवली.

रविवारी पिवळ्या इमारतीकडे जायचं नाही, हा माझा कॅप्टन म्हणून पहिला निर्णय. कारण कोणी विचारलं नाही.